लघवीच्या घाईवरच्या गोळ्या आणि उतारवय : सद्यस्थितीचा आढावा

लघवीची भावना झाली की दम धरवत नाही, मोरीपर्यंत पोचण्याआधीच कपडे ओले होतात, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेकांची ही तक्रार असते. लाजेपोटी ती कित्येक वर्षे कुणाला सांगितली जात नाही. लग्नाला जाणे टळते, एसटीचा लांबचा प्रवास टळतो, घराबाहेर पडायचे असले की सकाळपासून पाणीच पिले जात नाही. शेवटी कधीतरी डॉक्टरांकडे विषय निघतो आणि चिठ्ठीवर एक गोळी येते. घाई थोडी कमी होते. मात्र काही आठवड्यांत तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही आणि काही जणांच्या बोलण्यात विसंगती येऊ लागते. हे दुष्परिणाम कितपत गंभीर आहेत, ते कोणाला होतात आणि गोळीशिवाय काय करता येते, यावर गेली वीस वर्षे वैद्यकात चर्चा सुरू आहे. ती आज कुठवर आली आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

या त्रासाला वैद्यकात अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. मूत्राशय पुरते भरण्याआधीच त्याचा स्नायू आकुंचन पावू लागतो आणि अनावर घाई होते. लघवीत जंतुसंसर्ग, मुतखडा किंवा तत्सम दुसरे कारण नसेल तरच हे निदान करतात.

मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचनाचा निरोप असिटिलकोलिन हे रसायन देते. स्नायूच्या पेशींवर हा निरोप घेणारी स्थाने असतात, त्यांना मस्करिनिक ग्राही म्हणतात. ही स्थाने अडवली की आकुंचन मंदावते. या तत्त्वावरचे ऑक्सिब्युटिनिन अमेरिकेत १९७५ साली मान्य झाले. पुढे १९९८ मध्ये टॉल्टेरोडिन आले आणि २००४ मध्ये सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन व ट्रॉस्पियम यांना तिथे मान्यता मिळाली. नावे वेगळी असली तरी या सर्वांचे काम एकाच जातीचे आहे.

या गोळ्यांचा फायदा किती, हेही आधी नीट पाहायला हवे. कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या जुन्या परीक्षणाचा निष्कर्ष असा होता की, औषध नसलेल्या बनावट गोळीच्या तुलनेत खऱ्या गोळीने आठवड्याला लघवीच्या सुमारे पाच फेऱ्या आणि कपडे ओले होण्याचे सुमारे चार प्रसंग कमी होतात. ज्या बाईचे कपडे रोज ओले होतात, तिच्यासाठी चार प्रसंग कमी होणे ही मोठी गोष्ट आहे. ज्याला दिवसातून बारा वेळा जावे लागते, त्याला आठवड्याच्या पाच फेऱ्या वाचल्याचे जाणवणारही नाही. गोळीला दोषी किंवा निर्दोष ठरवण्याआधी फायद्याचा हा आकार लक्षात ठेवावा लागतो.

तीन तक्रारी, एकच मूळ

मस्करिनिक ग्राही फक्त मूत्राशयात नसतात. लाळग्रंथी, आतडी, डोळे, घामाच्या ग्रंथी आणि मेंदू यांतही ते असतात, आणि गोळी रक्तातून सगळीकडे पोचते. लाळग्रंथींचे काम मंदावले की तोंड कोरडे पडते. आतड्याची हालचाल मंदावली की बद्धकोष्ठता होते. मेंदूतल्या आठवणीशी निगडित भागांत असिटिलकोलिनची वाट अडली की विसराळूपणा किंवा भ्रम उद्भवतो.

कोरड ही सर्वांत वारंवार आढळणारी तक्रार. सॉलिफेनासिनच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार ५ मिलिग्रॅमच्या गोळीने सुमारे ११ टक्के लोकांना कोरड पडली, १० मिलिग्रॅमला हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर गेले, तर बनावट गोळी घेणाऱ्यांत ते ४ टक्के होते. म्हणजे मात्रा दुप्पट केली की कोरडही दुपटीहून वाढते. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ही कोरड घसा ओला करण्यावर भागत नाही. कवळी हिरडीवर बसत नाही, भाकरीचा घास घशाखाली उतरत नाही, लाळेचे संरक्षण गेल्याने उरलेले दात किडतात, जिभेवर बुरशी येते. कोरड पडते म्हणून माणूस दिवसभर पाणी पीत राहतो, त्यामुळे लघवी वाढते, आणि ज्या त्रासासाठी गोळी घेतली तोच पुन्हा वाढतो.

बद्धकोष्ठतेचेही तसेच आहे. मळाने भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब आणते. त्यामुळे घाई वाढते आणि मूत्राशय पूर्ण रिकामेही होत नाही. अशा वेळी गोळीचा गुण येत नाही असे समजून मात्रा वाढवली, तर पोट आणखी अडते.

भ्रम तुलनेने कमी जणांना होतो, पण ओळखायला सर्वांत अवघड असतो. त्याची एक खूण आहे. वयोमानाचा विसर महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो, तर औषधाचा भ्रम गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसू लागतो आणि तासातासाला बदलतो. माणूस सकाळी नीट बोलतो, संध्याकाळी वेळ-काळ विसरतो, रात्री खोलीत कुणी उभे असल्याचे सांगतो. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. अर्थात अचानक आलेल्या प्रत्येक भ्रमाचा दोष गोळीला देता येत नाही. जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, साखर कमी-जास्त होणे हीही कारणे तितकीच संभवतात आणि ती तपासावीच लागतात.

एक नमुना : गोळ्यांची बेरीज

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते एका कल्पित पण दवाखान्यांत सहज भेटेल अशा उदाहरणावरून पाहू. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी. रक्तदाबासाठी रोज अ‍ॅम्लोडिपिन, पायांच्या आगीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन २.५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू झाले. पुरेसा गुण आला नाही म्हणून दीड महिन्याने ते ५ मिलिग्रॅम तीनदा केले. त्याच सुमारास सर्दी झाली आणि औषधाच्या दुकानातून क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळ्या आल्या. चौथ्या दिवशी रात्री आजी उठून, गावाला जायची गाडी चुकेल म्हणून पिशवी भरू लागल्या.

यात असिटिलकोलिन अडवणारी औषधे तीन आहेत : ऑक्सिब्युटिनिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि सर्दीची गोळी. एकेकटे प्रत्येक सोसले असते, बेरीज सोसली नाही. अमेरिकन वृद्धवैद्यक संघटनेच्या २०२३ च्या ‘बीअर्स निकषां’त अशी दोन किंवा अधिक औषधे एकत्र देणे टाळावे असे म्हटले आहे ते याचमुळे. पोटदुखीवरचे डायसायक्लोमिन, खाजेवरचे हायड्रॉक्सिझिन, कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल ही नावेही याच यादीतली आहेत.

आता या आजींना तीन दिवस लघवीची वही ठेवायला सांगितली. प्रत्येक वेळेची नोंद, मापाच्या भांड्यात लघवीचे माप, काय आणि किती प्यायले तेही. सरासरी निघाली ती अशी : चोवीस तासांत २,४०० मिलिलिटर लघवी, त्यातली ९०० मिलिलिटर रात्रीची आणि पहाटेच्या पहिल्या वेळची. म्हणजे ३७ टक्क्यांहून जास्त लघवी रात्री तयार होते. पासष्टीपुढे हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक असेल तर त्याला रात्रीची अतिमूत्रता म्हणतात. इथे रात्रीच्या फेऱ्यांचे मुख्य कारण रात्री जास्त लघवी तयार होणे हे आहे, आणि मूत्राशय शांत करणारी गोळी लघवी कमी तयार करू शकत नाही. आजींच्या घोट्यांवर सूज होती. अ‍ॅम्लोडिपिनने अशी सूज येऊ शकते. दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि मूत्रपिंडातून बाहेर पडते. रक्तदाबाच्या औषधाचा फेरविचार, दुपारी पाय उंचावर ठेवून पडणे आणि संध्याकाळनंतर चहा-पाणी आवरणे यांतून अशा माणसाच्या रात्रीच्या फेऱ्या कमी होण्याची शक्यता ऑक्सिब्युटिनिनपेक्षा जास्त असते.

उलट दिशेची साखळीही नोंदली गेली आहे. स्मृतिभ्रंशावरचे डोनेपेझिल असिटिलकोलिन वाढवते, त्यामुळे लघवीची घाई होऊ शकते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातील २००५ च्या अभ्यासात, डोनेपेझिल किंवा त्या जातीचे औषध घेणाऱ्या वृद्धांना पुढे लघवीची गोळी दिली जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त आढळले. एक औषध असिटिलकोलिन वाढवते, दुसरे तेच अडवते, आणि माणूस दोन्ही गिळत राहतो.

स्मृतिभ्रंशाचा वाद

गोळी चालू असताना झालेला तात्पुरता भ्रम बहुतेक सर्वांना मान्य आहे. वाद आहे तो वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांमुळे कायमचा स्मृतिभ्रंश होतो का, यावर.

होतो असे मानणाऱ्यांचा आधार मोठ्या निरीक्षणांचा आहे. सिएटलमध्ये पासष्टीपुढच्या ३,४३४ लोकांना सरासरी सात वर्षांहून अधिक काळ अनुसरलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. असिटिलकोलिन अडवणारी औषधे सर्वांत जास्त घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त दिसला. हे ‘सर्वांत जास्त’ म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ रोज ऑक्सिब्युटिनिन ५ मिलिग्रॅम घेण्याइतके. इंग्लंडमधील २०१९ च्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या ५८ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि लघवीच्या गोळ्यांच्या गटात असाच संबंध आढळला.

शंका घेणाऱ्यांचा मुद्दाही वजनदार आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधी मेंदूत बदल सुरू झालेले असतात, आणि मूत्राशयावरचा मेंदूचा ताबा सुटणे हे त्यांतलेच एक लक्षण असू शकते. मग गोळीमुळे आजार झाला, की येऊ घातलेल्या आजारामुळे गोळी लागली? हा पेच सोडवण्यासाठी इंग्लंडच्या संशोधकांनी निदानाआधीची काही वर्षे वगळूनही हिशेब केला, तरी संबंध उरला. ऑन्टॅरिओत २०२० मध्ये वेगळी वाट धरली गेली. जुन्या गोळ्या घेणाऱ्यांची तुलना त्याच त्रासासाठी असिटिलकोलिन न अडवणारी नव्या जातीची गोळी घेणाऱ्यांशी केली. दोन्ही गटांत मूत्राशयाचा त्रास सारखाच होता. फरक उरला, पण तो सुमारे २३ टक्क्यांइतका लहान झाला.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रत्यक्ष चाचण्या थोड्या आणि अल्प मुदतीच्या आहेत, आणि त्या एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत. २००६ मध्ये साठीपुढच्या निरोगी लोकांवर झालेल्या तीन आठवड्यांच्या चाचणीत दीर्घ परिणामी ऑक्सिब्युटिनिन घेणाऱ्यांची चेहरा-नाव लक्षात ठेवण्याची क्षमता स्पष्टपणे घटली, डॅरिफेनासिनने घटली नाही. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. ज्यांची स्मृती घटली होती, त्यांना स्वतःला ते जाणवले नव्हते. म्हणूनच ‘काही त्रास होतोय का?’ असे विचारून भागत नाही. घरच्या माणसालाही विचारावे लागते. याच्या उलट, शुश्रूषागृहातल्या स्मृतिभ्रंश असलेल्या पन्नास स्त्रियांवर चार आठवडे ५ मिलिग्रॅम दीर्घ परिणामी ऑक्सिब्युटिनिनची चाचणी झाली, त्यात भ्रम वाढल्याचे दिसले नाही. मात्रा, मुदत आणि माणसे बदलली की उत्तर बदलते.

दरम्यान मार्गदर्शक संस्था सावध झाल्या आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१९ च्या सूचनेनुसार, ज्यांची शारीरिक किंवा मानसिक प्रकृती अचानक ढासळण्याचा धोका आहे अशा वयस्क स्त्रियांना साधे, लगेच विरघळणारे ऑक्सिब्युटिनिन देऊ नये. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेची २०२४ ची सूचना म्हणते की, या जातीचे औषध देताना स्मृतिभ्रंशाच्या संभाव्य धोक्याची चर्चा रुग्णाशी करावी. सरसकट बंदीपर्यंत मात्र ही संघटना गेलेली नाही.

बदलून घेता येतील अशी औषधे

या गटातल्या गोळ्या मेंदूत सारख्या शिरत नाहीत. ऑक्सिब्युटिनिनचा रेणू लहान आणि मेदात विरघळणारा, त्यामुळे तो मेंदूत सहज पोचतो. ट्रॉस्पियमच्या रेणूवर विद्युतभार असतो, म्हणून त्याला मेंदूची वेस ओलांडणे कठीण जाते. ते उपाशीपोटी घ्यावे लागते आणि मूत्रपिंड क्षीण असेल तर मात्रा घटवावी लागते. कोरड आणि बद्धकोष्ठता मात्र त्यानेही होते.

वेगळ्या वाटेने काम करणारे मिराबेग्रॉन जपानमध्ये २०११ साली आणि अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले. ते असिटिलकोलिनला हात लावत नाही. मूत्राशयाचा स्नायू सैल करणाऱ्या बीटा-३ ग्राहींना ते चालना देते. त्यामुळे कोरडीचे प्रमाण जवळपास बनावट गोळीइतकेच राहते. घाईवरचा परिणाम जुन्या गोळ्यांच्या तोडीचा आहे, त्यांच्याहून सरस नाही. भारतातही ते मिळते. ते पूर्णपणे निर्धोक मात्र नाही. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर आणि अनियंत्रित असेल तर ते देत नाहीत, आणि इतरांचाही रक्तदाब अधूनमधून मोजावा लागतो. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांच्या रक्तात त्या गोळीचे प्रमाण मिराबेग्रॉनमुळे वाढते, तेव्हा नाडी मंदावत नाही ना, हे पाहावे लागते. याच जातीचे व्हायबेग्रॉन अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले. त्याने रक्तदाब वाढत असल्याचे चाचण्यांत दिसले नाही. सॉलिफेनासिन आणि मिराबेग्रॉन एकाच गोळीत देणारी मिश्रणेही बाजारात आहेत. ‘नवी गोळी दिली आहे’ असे ऐकल्यावर तिच्यात जुनीही आहे का, हे पाकिटावर वाचावे.

गोळीविना

औषधाशिवायच्या उपायांकडे पूर्वी ‘करून बघा’ म्हणून पाहिले जाई. १९९८ मध्ये अमेरिकेत कॅथरिन बर्जिओ आणि सहकाऱ्यांनी ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रियांवर चाचणी केली. मूत्राशयाची शिकवणी घेतलेल्यांत कपडे ओले होण्याचे प्रसंग ८१ टक्क्यांनी घटले, ऑक्सिब्युटिनिन घेणाऱ्यांत ६९ टक्क्यांनी आणि बनावट गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांनी. शिकवणीचा दुष्परिणाम नव्हता. मात्र प्रशिक्षित माणसाची अनेक बैठकांची मदत लागली होती, आणि त्या सर्व स्त्रिया शिकलेले लक्षात ठेवू शकणाऱ्या होत्या.

या शिकवणीत नेमके काय असते? कळ आली की पळायचे नाही. पळण्याने पोटावर दाब येतो आणि घाईच वाढते. जागेवर थांबायचे किंवा बसायचे, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू पटकन पाच-सहा वेळा आवळायचे, कळेची लाट ओसरू द्यायची आणि मग शांतपणे चालत जायचे. त्यासोबत दोन लघव्यांमधले अंतर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचे. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्नायू बरोबर आवळला जातो आहे की नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेतलेले बरे, कारण बरेच जण पोट किंवा मांड्याच आवळत बसतात.

ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांना हे जमत नाही. तिथे दर दोन तासांनी सोबतच्या माणसाने ‘जायचंय का?’ असे विचारून नेणे जास्त उपयोगी पडते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उकिडवे बसायचा संडास लांब असेल, तर घाई आवरूनही उपयोग होत नाही. पलंगाशेजारची कमोडची खुर्ची, वाटेवरचा दिवा आणि नाडीऐवजी इलॅस्टिकची विजार हे तिथे उपचारच ठरतात. पाळी थांबलेल्या स्त्रियांत योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम काहींना गुणकारी ठरते.

याने न भागल्यास पुढचे पर्याय असतात. घोट्याजवळच्या नसेला आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे सौम्य विद्युतचालना देतात. तिचा मेंदूवर परिणाम होत नाही, पण दर आठवड्याला केंद्रात जावे लागते. मूत्राशयात बोटॉक्सची १०० एककांची सुई दिल्यास परिणाम साधारण सहा महिने टिकतो, पण काहींची लघवी तात्पुरती अडते आणि नळी घालावी लागते. हाताला कंप असलेल्या किंवा नजर अधू झालेल्या एकट्या माणसाला ही नळी स्वतः घालणे जमेल का, हा विचार सुई घेण्याआधी करावा लागतो.

अनुत्तरित प्रश्न

जुन्या गोळ्यांनी होणारा स्मृतिभ्रंशाचा धोका, असलाच तर, गोळी बंद केल्यावर कमी होतो का, याचे खात्रीशीर उत्तर अजून नाही. काही महिने गोळी घेतल्याने धोका किती, हेही ठाऊक नाही, कारण ठळक आकडे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे आहेत. नव्या जातीच्या गोळ्या दहा-वीस वर्षे घेतल्यावर काय होते, हे समजायला तेवढा काळ जावा लागेल. शिवाय चाचण्यांत भाग घेणारे वृद्ध बहुधा धडधाकट असतात. पाच-सात गोळ्या रोज घेणारे ऐंशीचे आजोबा त्यांत क्वचितच दिसतात.

आपल्याकडच्या हवेचा प्रश्नही बाजूलाच राहिला आहे. या गोळ्या घाम कमी करतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, लघवीच्या धास्तीने पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघाताचा धोका त्यामुळे वाढू शकतो. बहुतेक मोठे अभ्यास थंड देशांतले असल्याने त्यांच्या निष्कर्षांत हा मुद्दा ठळक होत नाही.

आज काय म्हणता येते

सगळा पुरावा समोर ठेवला तर काही गोष्टींवर बऱ्यापैकी एकमत दिसते. सत्तरीपुढे किंवा स्मृतीची तक्रार असताना साधे ऑक्सिब्युटिनिन ही पहिली निवड असू नये. गोळीआधी लघवीची तपासणी, लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी आणि तीन दिवसांची वही, एवढे तरी व्हावे. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत हे विशेष गरजेचे, कारण तुंबलेल्या मूत्राशयातून सतत गळणारी लघवीही घाईसारखीच भासते आणि गोळीने ती पूर्ण अडू शकते. ओटीपोट फुगून लघवी होतच नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोळी सुरू केलीच, तर कमीत कमी मात्रेने. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा वही ठेवून आधीशी ताडून पाहावी आणि फरक नसेल तर डॉक्टरांशी बोलून ती थांबवावी. ऑक्सिब्युटिनिनची साधी गोळी शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जाते, सॉलिफेनासिनला आठवडाभर किंवा जास्त लागतो. म्हणून बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशीच भ्रम जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत वर्षअखेरीस सॉलिफेनासिन घेणारे ३५ टक्के आणि साधे ऑक्सिब्युटिनिन घेणारे २२ टक्केच लोक ते औषध घेत उरले होते. आपल्याकडे उलट धोका असा, की जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी दुकानातून वर्षानुवर्षे आणली जाते. घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर तिच्यासकट सर्दी, झोप, पोटदुखी आणि अंगदुखीच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला न्याव्यात, आणि यांतली कोणती आता लागत नाही, हे डॉक्टरांना एकेक गोळी दाखवून विचारावे.